एकही हप्ता चुकवला नाही? बरं, मग?

'मा. शाखाधिकारी यांस, मी आपल्या बँकेचा जुना व प्रामाणिक ग्राहक असून गृहकर्जाचा एकही हप्ता आजवर चुकवलेला नाही. तरी माझ्या व्याजदरात योग्य ती सवलत मिळावी, ही नम्र विनंती.'

असा अर्ज तुम्ही केला असेल. नसेल, तर करायच्या बेतात असाल. सोबत पाच वर्षांचं स्टेटमेंट जोडाल आणि प्रत्येक हप्त्याखाली हायलायटरने पिवळी रेघही ओढाल.

शाखाधिकारी अर्ज वाचतात, मान डोलवतात, चहा मागवतात. सवलत म्हणाल, तर ती त्या चहाचीच.

आता यात बँकेचं काय चुकलं? हप्ता वेळेवर भरायचा, हे तुम्ही करारातच लिहून दिलं होतं. लिहून दिल्याप्रमाणे वागलात म्हणून बक्षीस मागायचं, तर सिग्नलला थांबल्याबद्दल वाहतूक पोलिसाकडेही पावती फाडून मागा. पैसे देणारी.

पण थकवणाऱ्याला मात्र बँक फोन करते, बोलावते, तडजोडीची योजना पुढे करते, व्याजात सूट देते. नियमित भरणाऱ्याला काय, तर वाढदिवसाचा एसएमएस. हा अन्याय नाही का?

आहे ना. पण तडजोड करून घेणाऱ्याच्या पतअहवालात 'सेटल्ड' असा शिक्का बसतो आणि पुढची कैक वर्षं त्याला कोणी दारात उभं करत नाही. त्याची सूट हवी असेल, तर त्याचा शिक्काही घ्यावा लागेल. घेता?

नाही ना. मग मुद्द्यावर येऊ.

तुमच्या व्याजदराचे दोन तुकडे असतात. बँकेकडून 1 ऑक्टोबर 2019 नंतर बदलत्या दराचं गृहकर्ज घेतलं असेल, तर पहिला तुकडा बाहेरच्या मापाला बांधलेला असतो. हे माप बहुतेक बँकांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर असतं. दुसरा तुकडा म्हणजे त्यावर बँकेने चढवलेला स्प्रेड. रेपो हलला की तुमचा दर जास्तीत जास्त तीन महिन्यांत हलायलाच हवा. त्याला अर्ज लागत नाही आणि चारित्र्यही लागत नाही.

म्हणजे 2025 सालात रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला, तेव्हा तुमचा दर सव्वा टक्क्याने उतरला, तो काही तुमच्या प्रामाणिकपणामुळे नव्हे. शेजारच्या विंगमधल्या ज्या गृहस्थांचे तीन हप्ते परत गेले, त्यांचाही तेवढाच उतरला.

भांडण असलंच तर ते स्प्रेडचं आहे.

आणि स्प्रेड हा प्रकार मोठा लबाड. नव्या कर्जाला किती स्प्रेड लावायचा, हे बँक ठरवते. बाजारात चढाओढ वाढली की नव्यांसाठी तो कमी करते. तुमचा मात्र ज्या दिवशी सही केलीत, त्या दिवशीचा. नवा ग्राहक म्हणजे दिवाळसणाला आलेला जावई, जुना ग्राहक म्हणजे घरचा गडी. दोघांना पंगत एकच, पण तूप कुणाच्या पानात पडतं, ते सांगायला नको.

एक उदाहरण घेऊ. हिशेबासाठी बनवलेलं आहे, पण असली उदाहरणं प्रत्येक सोसायटीत जिन्याजिन्याला सापडतात. एका काकांनी 2021 मध्ये कर्ज घेतलं. तेव्हा रेपो होता 4 टक्के, काकांचा स्प्रेड 3.15. दर 7.15. काका खूश. रेपो साडेसहावर गेला, तेव्हा दर झाला 9.65. काका गप्प. आता रेपो सव्वापाच, म्हणून दर 8.40. काका पुन्हा खूश!

आणि त्याच बँकेच्या दारावरचा फलक म्हणतो, गृहकर्ज 7.60 पासून.

म्हणजे नव्या माणसाला स्प्रेड 2.35 आणि काकांना 3.15. नव्या माणसाने अजून एकही हप्ता भरलेला नाही. एकही न भरलेल्याला स्वस्त आणि सगळे भरलेल्याला महाग, हे गणित काकांच्या डोक्यात शिरेना. शिरायचं कसं? गणित बरोबरच आहे, फक्त ते काकांच्या बाजूचं नाही.

काका बँकेत गेले. समोर मुलाच्या वयाचा अधिकारी.

'काका, तुमचा रेकॉर्ड एकदम क्लीन आहे. फारच छान.'

'मग दर कमी करा की.'

'ते सिस्टीममध्ये येत नाही, काका.'

सिस्टीममध्ये काय येतं आणि काय नाही, हे सिस्टीमला कोणी विचारत नाही. पण या वेळी त्या पोराचं अगदीच खोटं नव्हतं. स्प्रेडचा एक भाग असतो जोखमीचा. म्हणजे हा माणूस पैसे बुडवण्याची शक्यता किती, त्याची किंमत. रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की कर्जदाराच्या पतमूल्यांकनात लक्षणीय बदल झाला, तरच हा भाग बदलता येतो आणि तोही करारात ठरल्याप्रमाणे. बँकेच्या मर्जीने उगाच वाढवता येत नाही, तसा तुमच्या विनंतीने उगाच कमीही होत नाही.

आता गंमत बघा. कर्ज देताना बँकेने काय गृहीत धरलं होतं? हा माणूस वेळेवर भरेल. पाच वर्षांनी काय दिसलं? हा माणूस वेळेवर भरतो. मग बदल काय झाला?

काहीच नाही. तुमची निष्कलंक परतफेड म्हणजे बँकेचा अंदाज बरोबर आल्याचा पुरावा. त्याबद्दल ती स्वतःची पाठ थोपटून घेते, तुमची नव्हे.

म्हणून 'मी चुकलो नाही' हा मुद्दा एकटा लंगडा आहे. त्याला कुबडी लागते ती 'मी बदललो'ची. कर्ज घेतलं तेव्हा सिबिल 715 होता आणि आज 790 आहे, हा झाला बदल. तेव्हा नोकरी नवी होती, पगार चाळीस हजार होता, आज दुप्पट आहे, हाही बदल. तेव्हा घराच्या किमतीच्या ऐंशी टक्के कर्ज होतं, आज मुद्दल उतरलं, घराचा भाव चढला आणि कर्ज निम्म्यावर आलं, हा तर बँकेलाही कळणारा बदल. अर्जात यातलं काय लिहितो आपण? 'प्रामाणिक ग्राहक.'

स्प्रेडमधला जोखीम सोडून उरलेला भाग, म्हणजे बँकेचा खर्च वगैरे, त्याला आधी तीन वर्षांचं कुलूप होतं. तीन वर्षं झाल्याशिवाय बँकेला तो बदलता येत नसे. हवा तेव्हा वाढवता येऊ नये, हा हेतू चांगला. पण त्या कुलपाआड बँकाही सुखाने बसत. 'काका, आम्हाला कमी करायचाय हो, पण रिझर्व्ह बँक करू देत नाही.'

रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2025 पासून ते कुलूप एका बाजूने काढलं. ग्राहकाचा फायदा होत असेल, तर तीन वर्षांच्या आतही हा भाग कमी करायला बँकेला मुभा आहे. मुभा आहे, सक्ती नाही. पण निदान एक सबब तरी गेली.

दुसरी तयार असणारच.

बरं, तो 'एकही हप्ता चुकवला नाही'चा दावा तरी खरा आहे का? तुमच्या मते नव्हे, कागदाच्या मते.

पतअहवाल उघडून बघा. प्रत्येक पतसंस्थेकडून, म्हणजे आपल्या गावच्या पतसंस्थेकडून नव्हे, सिबिलसारख्या कंपनीकडून, वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे चौकोन असतात आणि प्रत्येक चौकोनात ठरल्या तारखेनंतर किती दिवस उशीर झाला, त्याचा आकडा. सगळीकडे 000 असेल, तर छाती फुगवा. मध्येच कुठे 012 किंवा 031 दिसला, तर आधी श्वास सोडा, मग आठवा.

काय आठवतं? पाच तारखेला हप्ता, पगार सात तारखेला. त्या महिन्यात खात्यात चारशे रुपये कमी होते. बँकेने हप्ता परत पाठवला, दंड लावला, तुम्ही पुढच्या महिन्यात भरून टाकला. तुमच्या हिशेबी विषय संपला. अहवालाच्या हिशेबी तो तिथंच बसून आहे.

शिवाय तुमचं गृहकर्ज कितीही स्वच्छ असो, अहवालात तुमचं सगळंच येतं. बंद केलं असं समजून कात्री मारलेलं क्रेडिट कार्ड येतं. वार्षिक शुल्काचे थकलेले पाचशे नव्व्याण्णव येतात. आणि सात वर्षांपूर्वी साखरपुड्याच्या गडबडीत ज्याच्या कर्जाला जामीन म्हणून सही ठोकली, तो मेहुणाही येतो.

मेहुणा हप्ते भरतो का, हे बायकोला विचारू नका. अहवालाला विचारा.

चूक अहवालाची असेल, तर ती आधी दुरुस्त करून घ्यायची. तक्रार ऑनलाइन होते, तिला तीस दिवसांची मुदत असते. चूक तुमची असेल, तर काही महिने थांबायचं. 031चा चौकोन समोर असताना 'निष्कलंक' असा शब्द अर्जात लिहायचा, म्हणजे पंचनाम्यावर स्वतः सही करण्यासारखं.

समजा, सगळं स्वच्छ आहे. आता तरी अर्जाला किंमत आहे का?

आहे. पण ती तुमच्या बँकेत नाही, समोरच्या बँकेत आहे.

हे एकदा नीट लक्षात घेतलं की बाकीचं सोपं होतं. तुमच्या बँकेला तुमचा स्वच्छ इतिहास नवा नाही, तिने त्याची किंमत कधीच वसूल करायला घेतली आहे. वेळेवर भरणारा, तक्रार न करणारा, जुन्या चढ्या दरावर गुपचूप बसलेला ग्राहक याहून चांगला धंदा कोणता? त्याला कोण हात लावेल? समोरच्या बँकेला मात्र असलाच माणूस हवा असतो. पाच वर्षांची परीक्षा दुसऱ्या कोणीतरी घेतलेली, निकाल तयार, पेपर तपासायचे कष्ट नाहीत.

म्हणून अर्ज करायचा तो विनंतीचा नव्हे. तो चार ओळींचा असतो आणि त्यात 'नम्र' हा शब्द नसला तरी चालतं. पहिल्या ओळीत कर्जखाते क्रमांक आणि सध्याचा दर फोडून लिहायचा: रेपो अधिक 3.15. हे आकडे मंजुरीपत्रात असतात. ते मंजुरीपत्र कपाटाच्या वरच्या कप्प्यात, लग्नाच्या अल्बमखाली असतं. दुसऱ्या ओळीत लिहायचं, की आजच्या माझ्या सिबिलच्या नव्या ग्राहकाला आपली बँक रेपो अधिक 2.35 दराने कर्ज देते. तिसऱ्या ओळीत मागणी: माझं पतमूल्यांकन पुन्हा करून स्प्रेड त्याप्रमाणे करावा आणि त्याला शुल्क लागत असेल तर ते लेखी कळवावं.

चौथी ओळ महत्त्वाची. 'हे शक्य नसल्यास फोरक्लोजर लेटर आणि आपल्याकडील मूळ कागदपत्रांची यादी द्यावी.'

पहिल्या तीन ओळी शाखाधिकारी वाचतात. चौथी त्यांचे साहेब वाचतात.

कारण फोरक्लोजर लेटर म्हणजे आजच्या तारखेला कर्ज फेडायला नेमके किती पैसे लागतील, याचं पत्र. ते मागणारा माणूस दोनच प्रकारचा असतो. एक तर त्याला लॉटरी लागली आहे, नाहीतर दुसरी बँक लागली आहे. मग इतकी वर्षं सिस्टीममध्ये न येणारं अचानक सिस्टीममध्ये येतं. 'काका, तुम्ही आधी बोलला का नाहीत?'

आधी काय अर्ज उर्दूत लिहिला होता?

धमकी मात्र खरी हवी. दुसऱ्या बँकेत खरोखर जाऊन, तिचा दर लेखी घेऊन मगच ही ओळ लिहायची. जायचं नसताना फोरक्लोजर लेटर मागणाऱ्याचे चेहरे बँकेने पुष्कळ पाहिलेले असतात. जायला आडकाठी तरी कसली? बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतीआधी फेडीचं शुल्क लावायला बँकांना 2012 पासून बंदी आहे. ठरावीक काळ स्थिर दर असलेलं कर्ज असेल, तर मात्र करार उघडून वाचा. हो, सगळा.

आता पैशाचं बोलू, म्हणजे कळेल हा खटाटोप कुणी करायचा.

काकांचं शिल्लक मुद्दल धरा 40 लाख, उरलेली मुदत 15 वर्षं. 8.40 टक्क्यांनी हप्ता बसतो सुमारे 39,155 रुपये. 7.60 टक्क्यांनी बसतो सुमारे 37,310. महिन्याला साडेअठराशेचा फरक. साडेअठराशेत हल्ली काय येतं? चौघांचं एक बरं जेवण. म्हणून काका म्हणतात, जाऊ दे.

जाऊ दे म्हणायचे पंधरा वर्षांत 3 लाख 30 हजार होतात.

त्याहून मजेचं पुढे आहे. दर 7.60 करून घेतला आणि हप्ता मात्र जुनाच, 39,155 ठेवला, तर कर्ज 180ऐवजी 165 महिन्यांत संपतं. पंधरा हप्ते वाचतात. म्हणजे जवळजवळ 5 लाख 87 हजार. खिशातून दरमहा एक रुपया जास्त न देता. ज्या हप्त्याची पाच वर्षांत सवय झाली, त्याच सवयीचे हे पैसे.

म्हणून दर उतरल्यावर 'हप्ता कमी करा' की 'हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा', हे बँकेला लेखी सांगायचं असतं. न सांगितलं, तर बँक तिच्या सोयीने एक काहीतरी करते. दर चढला होता तेव्हा तिने काय केलं होतं, आठवतं? हप्ता तोच ठेवून मुदत हळूच वाढवली होती. तुम्हाला वाटलं, आपल्याला काही झळ बसली नाही. झळ निवृत्तीनंतरच्या वर्षांना बसली होती. हा प्रकार इतका बोकाळला, की रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट 2023 मध्ये फर्मान काढावं लागलं: दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारा.

विचारतात. अठरा पानी ईमेलच्या बाराव्या पानावर.

बँक राजी झाली, तर ती बहुधा दरबदलाचं शुल्क मागेल. समजा, शिल्लक मुद्दलाच्या पाव टक्का. काकांना ते 10,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 11,800. साडेसहा महिन्यांत भरून निघतात. इथं घासाघीस करायला हरकत नाही, कारण हे शुल्क अनेकदा वरच्याच साहेबाच्या एका ईमेलवर माफ होतं. मंडईत कोथिंबिरीची जुडी मागून घेणारा माणूस बँकेत गेल्यावर इतका सभ्य का होतो, हे मला न उलगडलेलं कोडं आहे.

दुसऱ्या बँकेत जायचं, तर खर्च जास्त. प्रक्रिया शुल्क, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकनवाल्याची फी, गहाणाच्या नोंदीचा मुद्रांक आणि नोंदणी, वर किरकोळ. जाहिरातीत 'शून्य प्रक्रिया शुल्क' लिहिलेलं असतं, बाकीच्यांचं नाव नसतं. सगळं मिळून 40,000 धरले, तर काकांना भरून यायला बावीस महिने. पंधरा वर्षांच्या पल्ल्यात हे परवडतं.

पण मुद्दल 10 लाख आणि मुदत चारच वर्षं उरली असेल, तर? त्याच पाऊण टक्क्याहून थोड्या जास्त फरकाने हप्ता पावणेचारशे रुपयांनी उतरतो. चार वर्षांत मिळून 18,000. ते वाचवायला 40,000 खर्च करणाऱ्याला आर्थिक सल्लागार म्हणतात.

अशा माणसाने मुकाट आपल्याच बँकेत मागणी करावी. मिळाला तर दर, नाहीतर चहा आहेच.

आणखी एक. समोरची बँक तुमचा इतिहास पाहून हुरळते, तशी तुमच्या घराचे कागदही पहिल्यापासून तपासते. जुन्या बँकेने डोळेझाक केली असेल, ती नवी करेलच असं नाही. भोगवटा प्रमाणपत्र नाही, आधीच्या मालकाचा एक करारनामा गहाळ आहे, मधल्या काळात गॅलरी आत घेतली आहे. तुम्ही हप्ते सोन्यासारखे भरले असतील, पण गॅलरीने भरलेले नाहीत. अशा घरांचे मालक त्या एकाच बँकेशी बांधलेले असतात आणि बँकेला ते पक्कं ठाऊक असतं. त्यांच्या अर्जातली चौथी ओळ वाचून साहेबही चहाच मागवतात.

वयाचंही तसंच. छप्पन्नाव्या वर्षी नव्या बँकेत पंधरा वर्षांची मुदत मागा. समोरचा मुलगा तुमच्या मुलाचं वय विचारेल. सहकर्जदार म्हणून.

ज्यांचं कर्ज बँकेचं नसून गृहवित्त कंपनीचं आहे, त्यांचं दुखणं निराळं. रेपोला बांधून घेण्याची सक्ती बँकांना आहे, या कंपन्यांना नाही. त्यांचं माप त्यांनीच बनवलेलं, स्वतःच्या घरातलं. रेपो उतरला म्हणून ते उतरेलच असं नाही, उतरलं तर किती, हेही तेच ठरवणार. जुन्या ग्राहकाने विचारलं तर उत्तर मिळतं, 'आमचा पीएलआर वेगळा आहे, सर.' वेगळा आहे, हे हप्त्यावरून दिसतंच आहे. या मंडळींनी तर दर वर्षी एकदा स्वतःचा दर आणि दारावरचा फलक शेजारी ठेवून बघावा. फरक अर्ध्या टक्क्याच्या वर गेला, मुदत दहा वर्षांच्या वर उरली आणि कागद सरळ असले, तर दरबदल नाहीतर थेट बँक.

आणि बँकेने साफ नाही म्हटलं, तर लोकपालाकडे जाऊ? जरूर जा. फक्त त्या योजनेत एक कलम आहे: बँकेचा व्यावसायिक निर्णय हा तक्रारीचा विषय होत नाही. तुम्हाला कोणत्या दराने कर्ज द्यायचं, हा व्यावसायिक निर्णय. रेपो उतरूनही तीन महिन्यांत दर उतरवला नाही, न विचारता मुदत वाढवली, फोरक्लोजर लेटर द्यायला टाळाटाळ केली, हे मात्र तक्रारीचे विषय आहेत. 'मी एवढा चांगला वागलो आणि यांना त्याचं काहीच नाही', हा घरी बोलायचा विषय आहे.

तर काकांनी चौथी ओळ लिहिली. समोरच्या बँकेचं पत्र जोडलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, आवाज गोड. दर 7.60 करतो, काका. शुल्क माफीसाठी वर लिहितो, काका. मुदत कमी करून देतो, काका. माणूस इतका बदलतो?

'आणि काका, तुमचा रेकॉर्ड इतका क्लीन आहे, की तुम्हाला बारा लाखांचं टॉपअप प्री-अप्रूव्ह्ड आलंय. घेऊन टाका. सोबत कर्जाचा विमा आहे, त्याचा हप्ता कर्जातच टाकतो, तुम्हाला कळणारही नाही.'

कळणारही नाही, हे मात्र त्याने खरं सांगितलं.

काकांनी टॉपअप नाकारलं, विमाही नाकारला आणि फक्त दर घेतला. पुढच्या महिन्यात परतफेडीचा नवा तक्ता मागवला. दर 7.60. हप्ता 37,310. मुदत 180.

काका आता पाचवी ओळ लिहितायत.